फ्रीझरमधील दहिवर

पाठ वाचण्यापूर्वी

पावसाळ्यात घरातील फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचे जाड थर साचतात, बर्फाचा ट्रे तळाला घट्ट चिकटून बसतो, दुधाची पिशवी ओढूनही निघत नाही, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. असा बर्फ कोठून येतो, तो कोठे आणि कसा साचला आहे हे पाहून कारण कसे ओळखावे, तो वाढू नये म्हणून काय करावे आणि साचलेला बर्फ यंत्राला इजा न होता कसा काढावा, हे या पाठात तुम्ही शिकणार आहात. पाठ वाचत असताना शक्य असेल तर स्वतःच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरातील फ्रीझर एकदा उघडून पाहा.

मूळ पाठ

एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. छायाचित्र रत्नागिरीतील एका चौघांच्या कुटुंबातील एका दाराच्या फ्रिजचे आहे आणि ते जुलै महिन्यात घेतलेले आहे. फ्रिजचे मोठे दार उघडे आहे. वरच्या बाजूस फ्रीझरचा कप्पा दिसतो. त्याचे प्लॅस्टिकचे छोटे झाकण अर्धवट खाली लोंबत आहे, कारण उंबऱ्याशी साचलेल्या बर्फामुळे ते पुरते मिटतच नाही. कप्प्याच्या छताला आणि दोन्ही बाजूंना पांढरा, भुसभुशीत थर चढला आहे. एखाद्या गुहेचे तोंड हळूहळू बुजत जावे तसा तो पुढच्या बाजूस, विशेषतः उजव्या कोपऱ्यात, सर्वांत जाड झाला आहे. मागच्या भिंतीशी तो त्यामानाने पातळ आहे. तळाला मात्र पांढरा थर नसून काचेसारखा पारदर्शक बर्फ आहे आणि त्यात स्टीलचा एक डबा अडकलेला आहे.

हे वर्णन लक्षात ठेवावे. त्यातील तीन गोष्टी, म्हणजे थराचा रंग, त्याची जागा आणि अर्धवट राहिलेले झाकण, पुढे आपल्याला कारणापर्यंत नेणार आहेत.

घरात आपण सरसकट 'बर्फ जमला' असे म्हणतो. परंतु छताला चढलेला पांढरा थर आणि तळाचा पारदर्शक बर्फ यांचा जन्म वेगवेगळ्या रीतीने झालेला असतो. पाणी गोठले की नितळ, टणक बर्फ होतो. तळाच्या बर्फाचे तसेच आहे. ट्रेमध्ये पाणी भरताना सांडलेले किंवा वीज गेल्यावर वितळून खाली ओघळलेले पाणी पुन्हा गोठून तो तयार झाला. छताचा थर मात्र पाण्यापासून नव्हे, तर हवेतील बाष्पापासून झालेला आहे. अतिथंड पृष्ठभागाला बाष्पाचा स्पर्श झाला, की ते मधली द्रव अवस्था न घेताच थेट बारीक स्फटिकांच्या रूपाने त्यावर बसते. स्फटिकांच्या फटींत हवा अडकून राहते, म्हणून हा थर पांढरा आणि हलका दिसतो. भूगोलाच्या पुस्तकांत कडाक्याच्या थंडीत गवतावर पडणाऱ्या अशा हिमकणांना 'दहिवर' हा सुंदर शब्द आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात कधी कधी दिसते ते, आणि फ्रीझरच्या छताला चढते ते, मूलतः एकच होय.

तेव्हा प्रश्न असा, की इतके बाष्प बंद कपाटात येते कोठून?

हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती तापमानावर अवलंबून असते. हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प तिच्यात सामावते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत प्रत्यक्षात सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा फ्रीझरमध्ये जाऊन उणे १५ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यात जेमतेम दीड ग्रॅम बाष्प टिकू शकते. उरलेल्या साऱ्या बाष्पाला हवेत जागाच राहत नाही. ते थंड भिंतींवर जाऊन बसते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. फ्रीझरमध्ये बर्फ साचण्याचे कारण बाहेरचा उकाडा आहे असे पुष्कळांना वाटते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंशांवर असते, पण आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरली, तर एक घनमीटर हवेत दहा ग्रॅमच बाष्प असते. रत्नागिरीच्या पावसाळी हवेच्या ते निम्म्याहूनही कमी होय. उन्हाळ्यात विदर्भातील फ्रिजवर कामाचा ताण अधिक पडतो हे खरे, परंतु दहिवर अधिक वेगाने वाढते ते कोकणात, गोव्यात आणि मुंबईत, पावसाच्या दिवसांत.

फ्रिजचे दार उघडले, की आतील थंड व जड हवा खालून बाहेर ओघळते आणि तिची जागा वरून येणारी दमट हवा घेते. सुमारे १९० लीटरच्या फ्रिजमधील निम्मी हवा जरी एका वेळी बदलली, तरी शंभर लीटर, म्हणजे घनमीटरचा दहावा हिस्सा दमट हवा आत येते. तिच्यासोबत दोन ग्रॅमहून अधिक बाष्प येते. त्यातील काही पुन्हा बाहेर जाते, काही खालच्या कप्प्यात थेंबांच्या रूपाने बसते. एक ग्रॅमच फ्रीझरला चिकटले असे धरले, तरी दिवसातून तीस वेळा दार उघडणाऱ्या घरात रोज तीस ग्रॅमची भर पडते. हा अंदाज आहे, अचूक माप नव्हे. पण त्यावरून प्रमाणाची कल्पना येते.

एका दाराच्या फ्रिजची आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. त्यात थंडावा निर्माण करणारे ठिकाण एकच असते आणि ते म्हणजे फ्रीझरचा कप्पाच. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ भिंतींमध्ये नागमोडी वाहिन्या असतात आणि त्यांतून शीतक वायू फिरतो. संपूर्ण कपाटातील सर्वांत थंड जागा तीच असल्यामुळे कपाटातील प्रत्येक पदार्थातून निघणारे बाष्प अखेर तिच्याकडे ओढले जाते. पालेभाजी सुकते, उघड्या वाटीतील कोशिंबीर कोरडी पडते, आमटी आटते. त्यांतील पाणी नाहीसे झालेले नसते, ते फ्रीझरच्या भिंतीवर पांढऱ्या रूपात बसलेले असते. फ्रीझरचे छोटे झाकण हवाबंद नसल्याने ते या प्रवासाला अडवत नाही, मात्र नीट मिटलेले असल्यास त्याचा वेग पुष्कळ कमी करते.

पाठगत प्रश्न १
(अ) छताचा पांढरा थर आणि तळाचा पारदर्शक बर्फ यांच्या उत्पत्तीत कोणता फरक आहे?
(आ) मे महिन्यातील नागपूरपेक्षा जुलैमधील रत्नागिरीत दहिवर वेगाने का वाढते?

आता छायाचित्रातील घराकडे वळू. त्या घरी हिवाळ्यात दहिवर पेराएवढे वाढावयास दोन-अडीच महिने लागत. या जुलैमध्ये मात्र तीन आठवड्यांतच ते सरासरी दीड सेंटिमीटर आणि पुढच्या बाजूस दोन सेंटिमीटरांहून जाड झाले. खालच्या कप्प्यातील दूध नासू लागले, तेव्हा गृहिणीने तापमानाचे बटण चारवरून सहावर नेले. पुष्कळ घरांत हेच केले जाते, आणि नेमके तेच चुकते. दहिवरात हवा अडकलेली असल्याने ते उष्णतेचे दुर्वाहक असते. लोकरीच्या घोंगडीसारखे ते थंड भिंतीवर पांघरले जाते. त्यामुळे फ्रीझरचा थंडावा खालच्या कप्प्यात पुरेसा उतरत नाही. बटण वाढविल्याने कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, विजेचे बिल वाढते, पण घोंगडी तशीच राहते. बटणावरील आकडे अंशांचे नसतात. मोठा आकडा म्हणजे अधिक थंडी, एवढाच त्यांचा अर्थ.

कारण शोधताना थराच्या जागेने वाट दाखविली. दहिवर सर्वत्र सारखे चढलेले असते, तर वारंवार उघडले जाणारे दार आणि उघडे पदार्थ यांवर संशय घेतला असता. परंतु ते पुढच्या उजव्या कोपऱ्यात सर्वांत जाड होते. दमट हवा ज्या वाटेने आत येते, त्या वाटेवरील पहिल्या थंड पृष्ठभागावर ती आपले बाष्प टाकते. म्हणजे मोठे दार बंद असतानाही त्या कोपऱ्यातून हवा आत येत असली पाहिजे.

हे तपासण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावावे आणि पट्टी हळूच ओढावी. रबर नीट बसत असेल, तर ओढताना अडखळल्यासारखे होते. ती सहज सरकून आली, तर त्या ठिकाणी फट आहे असे समजावे. दाराच्या चारही बाजूंना वीतभर अंतराने ही परीक्षा करावी. या घरी तीन बाजूंना पट्टी अडकली, वरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र ती लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. रात्री दिवे मालवून, पेटता टॉर्च आत ठेवून दार लावले, तेव्हा त्याच जागी प्रकाशाची बारीक रेघही दिसली. (टॉर्चची परीक्षा मोठी फट दाखविते, बारीक फट कागदानेच कळते. म्हणून आधी कागद.)

दाराच्या या रबराला कारागीर गॅस्केट म्हणतात. त्याच्या पोटात चुंबकाची पट्टी असते आणि तीच दाराला चौकटीशी ओढून धरते. वर्षानुवर्षे त्याच्या घड्यांत तेलकटपणा, धूळ आणि सांडलेले दूध साचून रबर ताठ होते. त्या घरी कोपऱ्यातील घडी आत दुमडून तशीच बसली होती. शिवाय फ्रिज पुढच्या बाजूस किंचित झुकला होता, म्हणून दार हलकेच लोटले तर पूर्ण मिटत नसे. फ्रिजचा पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा उंच असावा लागतो. तसा असला, की अर्धे उघडे राहिलेले दार आपल्याच वजनाने मिटते.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा होता. आधी साचलेले दहिवर काढणे आवश्यक होते, कारण ते असेपर्यंत छोटे झाकण मिटणार नव्हते आणि ते मिटेपर्यंत नवे दहिवर साचतच राहणार होते. एका दोषातून दुसरा जन्मावा आणि दुसऱ्याने पहिल्याला बळ द्यावे, असे हे चक्र असते.

एका दाराच्या बहुतेक फ्रिजमध्ये तापमानाच्या बटणाच्या मध्यभागी एक छोटी कळ असते, बहुधा लाल रंगाची. ती दाबली, की कॉम्प्रेसर थांबतो, दहिवर वितळते आणि भिंती पुरेशा तापल्यावर कळ आपोआप बाहेर येऊन यंत्र पुन्हा सुरू होते. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल, तर रात्री ही कळ दाबणे पुरेसे असते. एवढ्या जाडीला पोहोचताच दहिवर काढावे, हा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन सेंटिमीटरच्या थराला मात्र थोडी मेहनत करावी लागते. म्हणून त्या घरी फ्रिजचे बटण बंद करून प्लग काढला. फ्रीझरमधील पदार्थ वर्तमानपत्रात आणि जाड चादरीत गुंडाळून ठेवले. कप्प्यात घडी केलेल्या फडक्यावर गरम पाण्याचे पातेले ठेवले आणि छोटे झाकण टेकवून घेतले. पाणी निवले, की बदलायचे, असे तीन वेळा केले. अर्ध्या तासाने थर भिंतीपासून सुटू लागले आणि हाताने चकत्यांसारखे निघाले. साऱ्या कामास सुमारे दोन तास लागले.

या कामात सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा उलथने मुळीच वापरू नये. फ्रीझरची भिंत म्हणजे केवळ पत्रा नव्हे, तिच्यातच वाहिन्या आहेत, हे वर आले आहे. सुरीचे टोक एकदा आत गेले, की सूं असा आवाज होऊन वायू निघून जातो आणि फ्रिज थंड करण्याचे बंद होतो. मग बहुधा संपूर्ण कप्पाच बदलावा लागतो. अलीकडच्या पुष्कळ फ्रिजमध्ये 'आर-६००ए' हा वायू असतो. तो ज्वलनशील आहे. असा आवाज झाल्यास जवळपास काडी पेटवू नये, विजेची बटणे चालू-बंद करू नयेत आणि खिडक्या उघडाव्यात. लवकर वितळावे म्हणून काही जण मीठ फासतात. त्याने बर्फ सुटतो खरा, पण ॲल्युमिनियम गंजते.

त्या दिवशी निघालेला सारा बर्फ एका बादलीत वितळू दिला, तेव्हा सुमारे दीड लीटर पाणी भरले. तीन आठवड्यांच्या मानाने पाहता रोज सुमारे सत्तर ग्रॅमची भर पडत होती. दार उघडण्याने येणारे तीस ग्रॅम वजा केले, तर उरलेल्या चाळीस ग्रॅमचा हिशेब फटीकडे, मिटत नसलेल्या झाकणाकडे आणि झाकण न ठेवलेल्या भांड्यांकडे जातो. निदान बरोबर असल्याची ही मोठीच साक्ष होती.

त्यानंतर कप्पा कोरड्या फडक्याने पुसून घेतला. ही पायरी पुष्कळदा गाळली जाते आणि भिंतींवर राहिलेले पाणी गोठून पुन्हा पारदर्शक बर्फाचा पाया तयार होतो. गॅस्केट कोमट साबणाच्या पाण्याने, घड्या उलगडून, स्वच्छ केले आणि पुसले. दुमडलेल्या कोपऱ्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे धरून ती घडी बोटांनी सरळ केली. पुढच्या पायांचे स्क्रू फिरवून फ्रिज मागे किंचित कलता केला. पुन्हा कागदाची परीक्षा घेतली. कोपऱ्यात पट्टी आता अडखळली. रबर चिरलेले किंवा कडक झालेले असते, तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. बटण पुन्हा चारवर आणले आणि कप्पा चांगला थंड झाल्यावर पदार्थ आत ठेवले. पूर्ण वितळलेली मासळी मात्र पुन्हा गोठविली नाही; ती त्याच दिवशी शिजविली.

पुढे घरातील काही सवयी बदलल्या. गरम आमटी निवल्यावर आणि झाकूनच आत जाऊ लागली. धुतलेली भाजी निथळून, पुसून ठेवली जाऊ लागली. फ्रीझरच्या झाकणाबाहेर पिशवीचे टोक येऊ नये, याकडे लक्ष दिले गेले. स्वयंपाकाला लागणाऱ्या चार वस्तू चार वेळा दार उघडून न काढता एकदाच काढल्या जाऊ लागल्या. चार आठवड्यांनी, पाऊस तसाच कोसळत असताना, थर सुमारे सहा मिलिमीटर झाला होता. तो वितळविल्यावर सुमारे सहाशे मिलीलीटर पाणी निघाले, म्हणजे रोज वीस ग्रॅमच्या आसपास.

हे वीस ग्रॅम शून्यावर येत नाहीत. जोवर दार उघडले जाते आणि आत ओले पदार्थ ठेवले जातात, तोवर एका दाराच्या फ्रिजमध्ये दहिवर येणारच. ते वाढण्याचा वेग कमी करणे, एवढेच आपल्या हाती असते.

दोन दारांच्या 'फ्रॉस्ट फ्री' फ्रिजची गोष्ट निराळी आहे. त्यांत थंड नळ्या मागच्या पडद्याआड असतात, पंखा थंड हवा फिरवितो आणि ठरावीक काळाने एक छोटा हीटर नळ्यांवरचे दहिवर वितळवितो. हे पाणी नळीवाटे मागच्या तबकात जाऊन वाळते. म्हणून अशा फ्रीझरमध्ये जाड दहिवर दिसणे हेच बिघाडाचे लक्षण होय. मागच्या भिंतीवर पांढरा थर चढला, तर हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा भाग निकामी झालेला असण्याचा संभव असतो आणि ते काम कारागिराचे आहे. तळाला पारदर्शक बर्फाची लादी झाली, तर पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते. दाराच्या कडेलाच पांढरे दहिवर असेल, तर मात्र तेथेही प्रथम कागदाची पट्टीच हाती घ्यावी.

पाठान्त प्रश्न
१. तापमानाचे बटण वाढविल्याने छायाचित्रातील फ्रिजचा दोष का दूर झाला नाही?
२. दहिवर काढण्यापूर्वीच गॅस्केट दुरुस्त केले असते, तर काय घडले असते? सकारण लिहा.
३. एका फ्रीझरमधून ३० दिवसांनी वितळविलेल्या दहिवराचे ९०० मिलीलीटर पाणी निघाले. रोज सरासरी किती ग्रॅम भर पडली? पाठातील घराच्या दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या स्थितीशी तिची तुलना करा.
४. आपल्या किंवा परिचितांच्या घरातील फ्रिजच्या दाराची कागदाच्या पट्टीने परीक्षा घ्या. पट्टी कोठे सैल निघाली आणि दहिवर कोठे जाड होते, याची नोंद आठ ते दहा वाक्यांत लिहा.